तांबडे पाणी आणि तांब्याचा पाइप

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ आमचे जांभ्याचे घर आहे. विहिरीचे पाणी टाकीत चढते आणि तिथून जस्त चढवलेल्या लोखंडी जीआय पाइपांनी दोन न्हाणीघरांत व स्वयंपाकघरात येते. पाइप 17 वर्षांचे झाले. सकाळी नळाला तांबडे पाणी येते, धारही बारीक झाली आहे. सगळी लाइन बदलायला प्लंबरने जीआयचे 62 हजार, सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपाचे 48 हजार आणि तांब्याचे 1 लाख 65 हजार सांगितले. तांबे 50 वर्षे टिकते, म्हणून 2 लाखांची मुदत ठेव मोडून तेच बसवावे असे वाटते. मी 63 वर्षांचा, निवृत्त. जमा म्हणाल तर ही ठेवच. तांबड्या पाण्यावर उपाय म्हणून चार महिन्यांपूर्वी 84 हजारांचा सॉफ्टनर घेतला, 4 हजारांचे 24 हप्ते आहेत. विक्रेत्याने पाण्यात दोन कांड्या बुडवून ते किती खराब आहे ते दाखवले होते, पण अजून फरक पडलेला नाही. कोणता पाइप घ्यावा? – एक वाचक

उत्तर: सीपीव्हीसी घ्या, आणि त्यासाठी ठेवीतले 50 हजारच काढून उरलेले दीड लाख पुन्हा ठेवीत टाका. मात्र तुमच्या पत्रातला खरा तोटा पाइपाचा नाही, सॉफ्टनरचा आहे, आणि तो ज्या चुकीमुळे झाला तीच चूक तुम्ही तांबे घेऊन दुप्पट रकमेवर करायला निघाला आहात. पाणी नेमके कसे आहे हे कोणीच तपासलेले नाही.

आधी कांड्यांचा खेळ समजून घ्या. त्यातली एक कांडी लोखंडाची असते. वीज सोडली की ती कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. बाटलीबंद पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग केला, तर तेही गढूळ तपकिरी होईल. शुद्ध म्हणून दाखवलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. या नाटकावर 96 हजारांचे हप्ते बांधून घेणाऱ्याविषयी मला सौम्य शब्दांत लिहिता येत नाही.

सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, म्हणजे जड पाणी हलके करतो. तुमचे पाणी मुळात जड आहे का, हे घरातच कळेल. साबणाला सहज फेस येत असेल आणि पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरत नसेल, तर ते हलकेच आहे. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुतेक असेच असते. आता दुसरी तपासणी. विहिरीतून थेट काढलेले पाणी पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी नळाचे पहिले पाणी दुसऱ्या बादलीत धरा. विहिरीची बादली स्वच्छ आणि नळाची तांबडी दिसली, तर लोह विहिरीतले नसून तुमच्या पाइपातले आहे. विहिरीचेही पाणी ठेवल्यावर तांबूस झाले, तर मात्र लोह काढणारा फिल्टर लागेल आणि कोणताही पाइप घातला तरी तो प्रश्न सुटणार नाही. धार बारीक झाली आहे त्यावरून मला पहिलीच शक्यता वाटते, कारण आत गंजाच्या गाठी धरल्याशिवाय पाइप असा चोंदत नाही.

जीआय पाइपाला वाचवतो तो आतला जस्ताचा थर. जांभ्यातून झिरपलेले पाणी थोडे आम्ल असते, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि संरक्षक थर धरण्याइतके क्षार नसतात, त्यामुळे हे जस्त लवकर संपते. सांध्यांवर तर आटे पाडतानाच ते खरवडले जाते, म्हणून गंजाची सुरुवात तिथून होते. बाहेरून खारी हवा आपले काम करतच असते. तुमच्या 17 वर्षांत कोणाचा हलगर्जीपणा नाही, या पाण्यात जीआयचे आयुष्यच तेवढे. पुन्हा जीआय घालणे म्हणजे वर्षाला साडेतीन हजार मोजून तीच गोष्ट पुन्हा पाहणे.

आता तांबे. 50 वर्षांचा आकडा खोटा नाही, पण तो उदासीन पाण्याचा आहे. पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली असेल, तर तांबेही झिजते. बेसिनमध्ये नळाखाली हिरवट-निळे डाग उमटतात, रात्रभर पाइपात राहिलेल्या पाण्याला कडवट धातूची चव येते आणि काही वर्षांत बारीक छिद्रे पडू शकतात. शिवाय नवीन तांब्यापुढे जुन्या जीआयचा एखादा तुकडा राहिला, तर पाण्याबरोबर आलेले तांबे त्याच्या जस्तावर बसून त्याला आणखी वेगाने खाते. पाणी जीआयकडून तांब्याकडे वाहिले तर चालते, उलटे चालत नाही.

पाणी उत्तम निघाले असे धरले, तरी हिशोब जमत नाही. सीपीव्हीसीपेक्षा तांब्याला 1 लाख 17 हजार जास्त लागतात. सात टक्क्यांनी त्यांचे वर्षाचे व्याज साधारण आठ हजार होते. म्हणजे सहा वर्षांच्या व्याजात आजच्या भावाने सीपीव्हीसीची आणखी एक पूर्ण लाइन निघते, आणि नीट बसवलेली लाइन 25 वर्षे सहज चालायला हवी. शिवाय 63 व्या वर्षी 50 वर्षांचा पाइप घेऊन खात्यात 35 हजार उरले, तर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला पाइप मोडून विकता येणार नाही.

सीपीव्हीसीला आम्ल पाणी काही करत नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत: ऊन, अति उष्णता आणि घाईत जोडलेला सांधा. टाकीपासूनचा उघडा भाग पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाने रंगवून घ्या; ऑइल पेंट नको, त्यातले द्रावण पाइपाला अपाय करते. गिझरला पाइप थेट न जोडता मधे हातभर धातूची जोडणी द्या. नळाच्या जागी पितळी आटे बसवलेलीच फिटिंग घ्या, कारण प्लास्टिकच्या आट्यात लोखंडी निपल आवळला की पुढेमागे तडा जातो. गरम पाण्याचा पाइप 50 अंशांच्या फरकाला मीटरमागे तीन मिलिमीटरहून जास्त वाढतो, म्हणून क्लॅम्पमध्ये तो सरकायला जागा हवी. पाइपावर आयएस 15778 हा क्रमांक छापलेला आहे ना, ते स्वतः वाचा.

प्लंबरला होकार देण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पीएच, क्षारता, जडपणा, लोह आणि क्लोराइड तपासून घ्या. बाटली काठोकाठ भरा, कारण आत हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. समुद्रालगतच्या विहिरीचा नमुना मे महिन्यात पुन्हा द्या.

सॉफ्टनरचे हप्ते थांबवू नका. कर्ज वित्त कंपनीचे आहे आणि भांडण विक्रेत्याशी. अहवालात जडपणा कमी निघाला, तर तो जोडून विक्रेत्याकडे लेखी परतावा मागा, मग 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पाणी आम्ल निघाले आणि परतावा मिळालाच नाही, तर जाणकार तंत्रज्ञाकडून सॉफ्टनरच्या टाकीत पाणी हलके करणाऱ्या रेझिनऐवजी चुनखडीचे दाणे भरता येतात का ते विचारा. त्यांनी पाण्यातले आम्ल मारले जाते, मिठाची पोती लागत नाहीत आणि निदान पितळी नळ तरी वाचतात.

जुनी लाइन कापतील तेव्हा सांध्याजवळचा वीतभर तुकडा उभा चिरून घ्या आणि आतल्या गंजाचा फोटो काढून ठेवा. तांबडे पाणी कुठून येत होते हे आयोगापुढे सांगायला तो उपयोगी पडेल.