बोअरच्या मोटरला सॉफ्ट स्टार्टर की व्हीएफडी?

"काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. 7.5 एचपीची सबमर्सिबल बोअरचं पाणी शेततळ्यात टाकते, तिथून 5 एचपीच्या मोनोब्लॉकवर ड्रिप चालतं. बोअरची मोटर सुरू केली की लाईन पडते. दुकानदार म्हणतो व्हीएफडी घ्या, वीजही वाचेल. घेऊ का?"

भाऊ, बोअरला सॉफ्ट स्टार्टरच घ्या.

व्हीएफडी वीज वाचवतो तो हर्ट्झ कमी करून, म्हणजे मोटर हळू फिरवून. पण बोअरचं पाणी आधी वर यावं लागतं. समजा, पाणी 70 मीटरवरून उचलायचं आहे आणि तुमचा पंप व्हॉल्व्ह बंद असताना 50 हर्ट्झला 100 मीटरचा दाब देतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 45 हर्ट्झला 81 मीटर उरतो, म्हणजे पाणी येईल पण बारीक. 42 हर्ट्झला जेमतेम 70 उरतो: मोटर फिरते, पाइपातून थेंब नाही. सबमर्सिबल थंड होते ती बाजूनं वाहणाऱ्या पाण्यानं. ते थांबलं की वाइंडिंग तापते. मग व्हीएफडी 50 वरच चालवावा लागतो आणि बचत शून्य. तसंही 7.5 एचपीपर्यंतचं शेतीचं बिल 2024 पासून सरकार भरतं. वर मे महिन्यात टिनाच्या खोलीत हे यंत्र तापून ट्रिप होणार, आणि केबल लांब असेल तर आउटपुट फिल्टरचा खर्च वेगळा.

तुमचा त्रास फक्त सुरू होतानाचा आहे. साधारण 12 अँपिअरची मोटर डायरेक्ट स्टार्टला क्षणभर 70 च्या आसपास ओढते. सॉफ्ट स्टार्टर तो झटका 40 वर आणतो. रॅम्प, म्हणजे मोटर वेग घेते तो वेळ, मात्र 2-3 सेकंदांचाच ठेवा, सबमर्सिबलच्या थ्रस्ट बेअरिंगला जास्त वेळ हळू फिरणं चालत नाही. सुरुवातीचं व्होल्टेज फार कमी ठेवलं तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. निम्म्या व्होल्टेजला जोर पावच राहतो. तेव्हा सेटिंग थोडं वाढवा. डीपीवरूनच व्होल्टेज कमी येत असेल तर मात्र हा डबा ते वाढवू शकत नाही (व्हीएफडीही नाही). ऑटो लावला असेल तर शेजाऱ्यांपेक्षा वेगळा डिले द्या. रात्री लाईन आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो.

पैसे व्हीएफडीत घालायचेच असतील तर ड्रिपच्या मोनोब्लॉकवर घाला. तिथं उचल थोडी आणि रोजचे व्हॉल्व्ह कमी-जास्त. छोटा प्लॉट सुरू असला की दाब चढतो, लॅटरल निसटतात, म्हणून तुम्ही बायपासनं पाणी परत तळ्यात सोडत असाल. ती वीज फुकट जाते. प्रेशर सेन्सर फिल्टरच्या पुढे बसवा आणि 2 किलोला सेट करा. छोट्या प्लॉटला मोटर आपोआप 40 हर्ट्झच्या आसपास उतरेल. त्याच प्लॉटला हर्ट्झचा आकडा रोज थोडाथोडा चढायला लागला तर समजा फिल्टर तुंबतोय, बॅकवॉश करा.