वजन नॉर्मल, पण पोट सुटलंय : कंबरेचा घेर काय सांगतो?

प्रश्न : माझी उंची १६८ सेंमी, वजन ६६ किलो, बीएमआय नॉर्मल येतो. पण पोट सुटलंय. पँट ३४ ची लागते. काळजी करावी का?

आधी पँटचा नंबर बाजूला ठेवा, त्यावरून काहीच कळत नाही. पोट सुटलं की पँट हळूहळू पोटाच्या खाली सरकते आणि तिथला घेर फारसा वाढत नाही, त्यामुळे दहा वर्षं तोच नंबर लागतो आणि माणूस निर्धास्त राहतो. मी रोज लोकांची मापं घेतो, पँटचा नंबर आणि टेपवरचा आकडा यात दोन-तीन इंचांचा फरक अगदी नेहमी दिसतो.

माप असं घ्या. शर्ट वर करा, पाय थोडे फाकवून सरळ उभे राहा. बाजूला बोटांनी चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कंबरेच्या हाडाची वरची कड शोधा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लावा. बेंबी धरून मापू नका, सुटलेल्या पोटात ती खाली उतरलेली असते. टेप मागेपुढे एका लेव्हलला हवी, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही. श्वास नेहमीसारखा सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप लागली की जवळजवळ प्रत्येक जण ओढतो! दोनदा मापा, आणि दोन मापांत सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत मापा.

आता समजा तुमचा घेर ९१ सेंमी आला. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. तुमच्या उंचीचं निम्मं ८४, म्हणजे तुम्ही ७ सेंमी वर. ९१ ला १६८ ने भागलं की ०.५४ येतं. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये जे टप्पे दिले त्यात ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला आणि ०.६ च्या पुढे जास्त धोका, आणि हे पुरुष-बायका दोघांनाही सारखंच. म्हणजे २५ च्या नेहमीच्या मर्यादेने तुमचा २३.४ बीएमआय ठीक सांगतोय, भारतीयांसाठीच्या २३ च्या मर्यादेने तो जेमतेम वर आहे, आणि टेप मात्र सरळ नाही म्हणतेय. अशा वेळी मी टेपचं ऐकेन, कारण बीएमआयला चरबी कुठे साठलीय ते दिसतच नाही. मांड्यांवरची, नितंबांवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते, पण पोटाच्या आत आतड्यांभोवती आणि लिव्हरच्या आसपास साठलेली चरबी लिव्हरच्या कामात ढवळाढवळ करते, इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, आणि तिथूनच पुढे डायबिटीस आणि हार्टचा रस्ता सुरू होतो.

नुसत्या घेराचेही आकडे आहेत. दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी, युरोपीय पुरुषांसाठी ९४, अमेरिकेत तर १०२ आणि ८८ वापरतात. पण यात उंची कुठेच येत नाही. १५० सेंमी उंचीच्या बाईचा घेर ७९ असेल तर ती ८० च्या आत म्हणून सुटते, पण तिचं निम्मं ७५, म्हणजे ती रेषेच्या पलीकडे आहे. उलट १८८ सेंमीच्या माणसाचा घेर ९२ असेल तर तो ९० च्या वर गेला म्हणून घाबरतो, पण उंचीच्या निम्म्याच्या आतच आहे. म्हणून मला उंचीशी तुलना जास्त पटते, फार ठेंगण्या नाहीतर फार उंच माणसांच्या बाबतीत तर नक्कीच.

पण टेपला कातडीखालची चरबी आणि आतली चरबी यातला फरक कळत नाही, ती फक्त इशारा देते, निदान करत नाही. प्रेग्नन्सीत हे माप वापरायचं नाही. बीएमआय ३५ च्या वर असेल तर घेर मोठाच येणार, त्यातून नवीन काही कळत नाही. म्हातारपणी पाठीला बाक येऊन उंची घटते, तेव्हा घेर न वाढताही रेशो वाढलेला दिसतो. आणि हातपाय बारीक होतायत पण पोट काही आठवड्यांतच टम्म झालंय, तर ती चरबी नसून पाणी असू शकतं, तिथे टेप घेऊन बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

तुमचा आकडा खरंच ८४ च्या वर आला तर बीपी, उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीएवनसी, आणि लिपिड प्रोफाइल एवढं करून घ्या, त्यात ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल मुद्दाम बघा. घरात कुणाला डायबिटीस असेल तर टाळाटाळ करूच नका. पुढे महिन्यातून एकदा, सकाळी काही खायच्या आधी, त्याच जागी मापत राहा. एखाद्या सेंटीमीटरच्या चढउतारावरून काही ठरवू नका, तेवढा फरक टेप धरण्यातच पडतो. व्यायाम सुरू केल्यावर वजनकाटा तिथेच अडकलेला आणि घेर मात्र कमी होतोय असं बऱ्याच जणांचं होतं, तुमचंही झालं तर वजनाकडे बघून व्यायाम सोडू नका.