पाळी बदलून देण्याआधी आठवडा बघ

नव्या शिफ्ट सुपरवायझरकडे पाळी बदलायचा अर्ज आला की तो फक्त दोन्ही सह्या बघतो. मीही तेच करायचो. आमच्या बॉयलर हाऊसमधल्या एका अटेंडंटला लग्नाला जायचं होतं. त्याची शुक्रवारची पाळी दुसऱ्याने घेतली, परतफेड सोमवारी ठरली. आठ तासांना आठ तास, म्हणून मी मंजूर केलं.

चूक आठवड्यात होती. कायद्यातला आठवडा शनिवारी मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे शुक्रवार आणि सोमवार वेगवेगळ्या आठवड्यांत पडतात. दुसऱ्याची शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी होती. ती गेली, आणि त्याचे ४८ चे ५६ तास झाले. वरचे आठ तास दुप्पट दराने द्यावे लागले. पुढच्या आठवड्यात त्याचे ४० भरले, पण त्याने आधीचा ओव्हरटाइम पुसला जात नाही. म्हणून परतफेड शनिवारच्या आत बसते का ते आधी बघ.

मग दोघांच्या आदल्या आणि पुढच्या पाळ्या बघ. दुपारपाळी करून लगेच रात्रपाळीला थांबणारा माणूस सलग सोळा तास बॉयलरपाशी असतो. असा अर्ज मी सरळ परत करतो, मग कुणी रुसलं तरी चालेल.

आणि प्रमाणपत्र. हेल्पर कितीही जुना असला तरी तो अटेंडंटची जागा घेऊ शकत नाही. अर्जावर नावापुढे प्रमाणपत्राचा वर्ग आणि मुदत लिहायला लाव.