आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं नाव 'Smart Invoice Manager' ठेवू की एखादा छोटा, घडवलेला शब्द? परदेशातही विकायचंय.

घडवलेला शब्द घ्या, पण आत्ताचं नावही टाकून देऊ नका. ते कुठे लावायचं ते शेवटी सांगतो.

आमच्या पहिल्या प्रॉडक्टचं नाव असंच तीन शब्दांचं, कामच सांगणारं होतं. ट्रेडमार्कचा अर्ज केला तर कलम ९ खाली आक्षेप आला: नाव वर्णनात्मक आहे. सगळ्या धंद्याला लागणारे शब्द एकट्याच्या नावावर करून मिळत नाहीत. वर्षानुवर्षं वापरून ते तुमचीच ओळख झाल्याचं सिद्ध केलंत तर गोष्ट वेगळी, पण नव्या प्रॉडक्टकडे तो पुरावा कुठून येणार? अमेरिकेत आणि युरोपातही साधारण हाच नियम. शिवाय लोक लांब नाव उच्चारत नाहीत. तुमचं आद्याक्षरांवर येऊन 'सिम' होईल, आणि गूगलवर 'सिम' शोधलं की मोबाइलची कार्डं येतील.

पण छोटं म्हणून डिक्शनरीतला छानसा शब्दही उचलू नका. फायरफॉक्सचं काय झालं बघा. २००२ मध्ये तो 'फिनिक्स' होता, नेटस्केपच्या राखेतून उठलेला. अर्थ झकास, पण बायॉस बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीजशी नावावरून वाद झाला. २००३ मध्ये 'फायरबर्ड' केलं, तर त्या नावाचा डेटाबेस आधीपासून होता. २००४ च्या फेब्रुवारीत 'फायरफॉक्स' ठरलं. दोन वर्षांत तीन नावं!

घडवलेल्या शब्दाला मूळ असलं तरी चालतं, ते दिसायलाच हवं असं नाही. 'स्काय पीअर-टू-पीअर'चं 'स्कायपर' झालं, ते डोमेन गेलेलं होतं म्हणून शेवटचा r काढला आणि 'स्काइप' उरलं.

शब्द सुचला की फोनवर नुसता उच्चारा आणि पलीकडच्याला टाइप करायला सांगा. आम्हाला 'वही' फार आवडलं होतं. पुण्यातल्याच तिघांनी तीन स्पेलिंगं लिहिली: Vahi, Wahi, Vahee. तिथेच सोडलं. आपल्या व ला v की w हा घोळ कायमचा. मग ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४२ (ऑनलाइन सेवा) दोन्ही तपासा, तेही फोनेटिक पर्याय निवडून, कारण स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असला तरी आक्षेप येतो. हा शोध फक्त भारतापुरता. जिथे विकणार त्या देशांचा वेगळा करावा लागेल.

आता तुमचं लांब नाव. गूगल प्ले आणि ॲपल दोन्हीकडे ॲपच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे. 'Smart Invoice Manager' मोकळ्या जागा धरून २१ अक्षरं. पुढे सहा अक्षरी शब्द, कोलन आणि एक मोकळी जागा धरली की २९. म्हणजे शब्द सहा अक्षरांचाच शोधा, सात झाली तरी बसेल.