मुंबईत पहाटे उतरून संध्याकाळची गाडी: सामान कुठे, आपण कुठे?

प्रश्न: मे महिन्यात कुडाळहून कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला पोचतोय. त्याच दिवशी संध्याकाळी ५ ला मुंबई सेंट्रलहून दिल्लीची राजधानी आहे. तिकिटं वेगवेगळी आहेत. आम्ही चौघं: मी, बायको, मुलगा आणि सत्तरीची आई. मधले अकरा तास सामान कुठे ठेवायचं? रिटायरिंग रूम मिळते का, कशी बुक करायची, किती पडते?

उत्तर:

खोली घ्या किंवा नुसतं सामान ठेवा, जे काही कराल ते मुंबई सेंट्रलला करा, सीएसएमटीला नको. उतरल्या उतरल्या हातातलं ओझं टाकून मोकळं व्हावंसं वाटतं आणि समोर क्लोकरूमची पाटी दिसते, म्हणून बहुतेक लोक तिथेच सामान ठेवतात. मग दुपारी ते उचलायला परत सीएसएमटी, तिथून टॅक्सी, आणि गाडीच्या वेळेला दक्षिण मुंबईतलं ट्रॅफिक. मीही एकदा हे केलंय. सामान जिथून गाडी पकडायची तिथेच असावं.

पहाटे मुंबई सेंट्रल गाठणं सोपं आहे. कोकणकन्या सीएसएमटीला पावणेसहाच्या सुमारास पोचते, पण त्याआधी दादरला थांबते. तिकीट सीएसएमटीपर्यंतचं असलं तरी दादरला उतरायला काहीच हरकत नाही. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं आणि चर्चगेटकडची स्लो लोकल पकडायची. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, की चौथं मुंबई सेंट्रल. लोकलचं तिकीट मात्र वेगळं काढा, कोकणकन्येचं तिकीट इथे चालत नाही. साडेपाच-सहाला लोकलमध्ये बॅगा घेऊन चढता येतं. आठनंतर हाच प्रवास मी शत्रूलाही सुचवणार नाही. दादरचा पूल आईंना झेपणार नसेल, तर सीएसएमटीलाच उतरा आणि सरळ टॅक्सी करा. त्या वेळी रस्ते रिकामे असतात.

आता खोली. रेल्वेच्या बुकिंगमधली एक अट लोकांना उशिरा कळते. ऑनलाइन रिटायरिंग रूम तुमच्या पीएनआरला बांधलेली असते, आणि त्या पीएनआरवर दोनच स्टेशनं निवडता येतात: प्रवास सुरू होतो ते आणि संपतो ते. कोकणकन्येच्या पीएनआरवर तुम्हाला कुडाळ नाहीतर सीएसएमटी मिळेल, मुंबई सेंट्रल दिसणारच नाही. म्हणून खोली राजधानीच्या पीएनआरवर बुक करायची, कारण तो प्रवास सुरूच मुंबई सेंट्रलहून होतो. लोक पहिला पीएनआर टाकतात, हवं ते स्टेशन दिसत नाही आणि ‘इथे सोयच नाही’ म्हणून सोडून देतात. तुमची तिकिटं वेगवेगळी आहेत हे या बाबतीत बरंच झालं.

संकेतस्थळ www.rr.irctctourism.com हे आहे. ज्या आयडीने तिकीट काढता त्याच आयआरसीटीसी आयडीने लॉगिन होतं. पीएनआर टाकायचा, स्टेशन निवडायचं, येण्याजाण्याची तारीख-वेळ भरायची आणि खोली हवी की डॉर्मिटरीतला बेड, एसी की नॉन-एसी ते सांगायचं. त्या वेळेत काय रिकामं आहे आणि किती रुपये ते समोर येतं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं, वेटिंगवर ऑनलाइन बुकिंग होत नाही. तुमची राजधानी वेटिंगवर असेल तर कन्फर्म होण्याची वाट पाहा, नाहीतर त्या दिवशी स्टेशनवर जाऊन तिकीट दाखवून विचारा. मे महिन्यात तिथे हात हलवत परतायची तयारीही ठेवा. एका वेळी जास्तीत जास्त ४८ तासांचं बुकिंग मिळतं, ते तुम्हाला लागणार नाही.

तुम्हाला लागेल ते वेळेचं गणित. सव्वासहा-साडेसहाला तुम्ही मुंबई सेंट्रलला पोचाल आणि चारपर्यंत खोली सोडाल, म्हणजे साधारण दहा तास. काही स्टेशनांवर तासांच्या हिशोबाने खोली मिळते, काही ठिकाणी बारा-बारा तासांचे ठरलेले गट असतात. बारा तासांचा गट घ्यावा लागला तर तो किती वाजता सुरू होतो ते नीट बघा. आठला सुरू होणार असेल तर तोवर वेटिंग रूममध्ये बसा, तिकीट असल्यावर तिथे बसायला कोणी हरकत घेत नाही. उलट वेळ तुम्हीच निवडणार असाल, तर ती गाडी पोचण्याच्या वेळेला चिकटून घेऊ नका. पैसे बुक केलेल्या वेळेपासून मोजले जातात, तुम्ही दारात उभे राहाल तेव्हापासून नाही. कोकणकन्या दोन तास उशिरा आली तर ते दोन तास तुमचे गेले. मी असल्या वेळी एक तास पुढची वेळ धरतो.

चौघांसाठी दोन खोल्या घ्यायची गरज मला दिसत नाही. खोल्या बहुतेक दोन माणसांच्या असतात. एक खोली आई आणि बायकोसाठी घ्या. सामान त्याच खोलीत राहील, म्हणजे क्लोकरूमचा प्रश्नच मिटला. तुम्ही आणि मुलगा डॉर्मिटरीचे दोन बेड घ्या, किंवा वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन बाहेर पडा. डॉर्मिटरी बऱ्याच ठिकाणी पुरुष-बायकांसाठी वेगवेगळी असते, त्यामुळे कुटुंबाने एकत्र राहायचा हिशोब तिच्यावर करू नका. चेक-इनच्या वेळी ओळखपत्र मागतात, तेव्हा पीएनआरवर ज्यांची नावं आहेत त्यांची मूळ ओळखपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको.

दराचं मी एक आकडा सांगून मोकळा होणार नाही, कारण स्टेशनागणिक, एसी-नॉन-एसीप्रमाणे आणि खोली रेल्वे चालवते की ठेकेदार त्यावर तो बदलतो. पैसे भरण्याआधी पडद्यावर दिसतो तोच खरा. तुलनेला एक आकडा देतो. मुंबई सेंट्रललाच नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं, म्हणजे एकावर एक रचलेल्या, आत झोपण्यापुरत्या एसी कप्प्यांची सोय. तेव्हा साध्या पॉडचा दर १२ तासांना ९९९ रुपये होता. तरुण एकट्याला ते ठीक आहे, आईंना त्यात वाकून शिरायला लावू नका. आणि रेल्वे स्वतः चालवत असलेल्या रिटायरिंग रूम, वेटिंग रूम आणि क्लोकरूमवरचा जीएसटी जुलै २०२४ पासून माफ आहे. अशा पावतीवर तो दिसला तर विचारा.

खोली मिळालीच नाही तर क्लोकरूम. पाटीवर बहुधा ‘अमानती सामान घर’ असं हिंदीत लिहिलेलं असतं, ते शोधा. प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, ओळखपत्रही मागतात. बॅगेला कुलूप हवंच, नुसती चेन ओढलेली बॅग घेत नाहीत. पाठीवरच्या सॅकच्या दोन चेनींमध्ये अडकवायला छोटी कुलपं घरूनच न्या, स्टेशनवरच्या स्टॉलवर त्यांचा भाव वेगळाच असतो. पैसे नगावर आणि २४ तासांच्या हिशोबाने लागतात, तासभर ठेवलं तरी पूर्ण दिवस धरतात. म्हणून खांद्यावरच्या छोट्या पिशव्या मोठ्या बॅगेत कोंबा, सात नगांचे चार करा. २०१८ पर्यंत देशभर पहिल्या २४ तासांना नगामागे १५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला २० असा दर होता, लॉकरला २० आणि ३०. त्या वर्षी रेल्वे बोर्डाने दर ठरवायचा अधिकार विभागांना दिला, तेव्हापासून प्रत्येक ठिकाणचा भाव वेगळा. खिडकीजवळ दरपत्रक लावलेलं असतं, ते वाचून मग पैसे काढा. मध्य रेल्वेने सीएसएमटी, दादर आणि एलटीटीला डिजिटल लॉकर लावलेत, पण सुरुवातीला सांगितलं त्या कारणाने ते तुमच्या कामाचे नाहीत.

मे महिना आणि कुडाळ म्हणजे सोबत आंब्याची पेटी असणार, हे गृहीत धरतो. नाशवंत माल क्लोकरूममध्ये घेत नाहीत. माझ्या भावाला हे खिडकीशी कळलं आणि बाकी सगळे मरिन ड्राइव्हला गेले तेव्हा तो वेटिंग रूममध्ये दोन पेट्यांवर पाय ठेवून बसून राहिला. त्यामुळे आंबे असतील तर खोलीवरच भर द्या. पैसे, दागिने, लॅपटॉप, आईंची औषधं यातलं काहीही क्लोकरूमला जाऊ देऊ नका.

पावतीचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवा, तरी मूळ कागद जपाच. तो हरवला तर सामान तुमचंच आहे हे पटवायला हमीपत्र वगैरे लिहून द्यावं लागतं आणि पाचची गाडी त्यासाठी थांबत नाही. सामान घ्यायला चारलाच जा. एका मोठ्या स्टेशनवर मी गाडीच्या वीस मिनिटं आधी खिडकीशी पोचलो, तर आत पाळी बदलत होती. जाणारा माणूस येणाऱ्याला नगांचा हिशोब देत होता आणि काचेबाहेर आम्ही पंधरा जण. बॅग मिळाली, पण चालत्या गाडीच्या भलत्याच डब्यात चढलो आणि माझ्या बर्थपर्यंत सहा डबे सामान ओढत गेलो.