प्रश्न चार पातळ्यांचे, उत्तरं मात्र एकाच ओळीतली

प्रश्न : "मी आठवीला इतिहास शिकवते. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण अशा चारही पातळ्यांवर प्रश्न काढते, तरी मुलं सगळ्यांना पुस्तकातलं वाक्यच उतरवून देतात. माझं काय चुकतंय?"

बी.एड.च्या सराव पाठांना मार्गदर्शन करताना एक ताई हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांचा उतारा चार वाक्यांचा होता. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक मोर्चाने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

'तळे खुले केल्याचे कोणी जाहीर केले?' हा त्यांचा स्मरणाचा प्रश्न ठीक होता. आकलनाला होतं, 'सत्याग्रह का झाला?' पण त्याचं उत्तर तिसऱ्या वाक्यात तयार असल्याने तोही स्मरणाचाच. 'विश्लेषण करा' लिहिलं की विश्लेषण होतं, हा तर आपल्याकडचा जुनाच समज. पातळी क्रियापदावरून ठरत नाही, उत्तर उताऱ्यात आयतं सापडतं का यावरून ठरते.

मग आकलनासाठी आम्ही विचारलं, '1924 नंतर कागदावर काय बदललं आणि तळ्यावर काय तसंच राहिलं, स्वतःच्या शब्दांत सांगा.' इथे दोन वाक्यं जोडावी लागतात.

उपयोजनाला ताईंनी 'यातून तुम्ही काय शिकलात?' असं ठेवलं होतं. त्यावर 'समतेने वागावे' एवढंच येणार. उपयोजनाला प्रसंग नवा हवा. आम्ही असा घेतला : ग्रामपंचायतीने सार्वजनिक नळ सर्वांसाठी असल्याचा फलक लावला, पण एका वस्तीतल्या बायकांना रोज शेवटी उभं राहावं लागतं. महाडच्या चार टप्प्यांपैकी हे गाव कोणत्या टप्प्यावर आहे? कशावरून?

विश्लेषणाला सगळ्यात वेळ गेला. शेवटी प्रश्न ठरला, 'दुसरं वाक्य उताऱ्यातून काढून टाकलं, तर मोर्चाचा अर्थ कसा बदलेल?' एका मुलाने लिहिलं, 'मग ते बंद तळ्यावर गेले असं वाटेल. खरं तर तळं त्यांना आधीच खुलं होतं.' म्हणजे मागणी नव्या हक्काची नव्हती, मिळालेला हक्क बजावण्याची होती, हे त्याने कुणी न सांगता पकडलं. 'ठराव झालाच नसता तर?' हा प्रश्न मी वगळायला लावला. त्याला उताऱ्यात पुरावा नाही, कल्पनाच लिहिली जाते.

तुम्ही एक करा. गठ्ठ्यातल्या दहा वह्या काढून एकाच प्रश्नाची उत्तरं शेजारी ठेवा. शब्द जुळत असतील तर प्रश्न स्मरणाचा आहे, प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात त्याची पातळी काहीही लिहिलेली असो. आणि वर्गात चर्चा झालेला विश्लेषणाचा प्रश्न चाचणीत जसाच्या तसा आला, की तोही स्मरणावर उतरतो. म्हणून ताईंनी वर्गात तिसरं वाक्य काढून चर्चा घेतली आणि दुसऱ्या वाक्याचा प्रश्न चाचणीसाठी राखला.