डाउन पेमेंट १० टक्के की २० टक्के? दरातल्या ०.४ टक्क्याचा खरा हिशोब

प्रश्न: २० वर्षांचं गृहकर्ज आहे. किमतीच्या १० टक्के भरले तर दर ९ टक्के, २० टक्के भरले तर ८.६. फक्त ०.४ टक्क्यासाठी एवढे जास्तीचे पैसे अडकवायचे का?

उत्तर: ०.४ हा आकडा फसवा आहे, कारण वाढलेला दर फक्त वरच्या १० टक्क्यांना लागत नाही, सगळ्या कर्जाला लागतो. घराची किंमत १०० धरा. ९० कर्जावर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ८.१०, आणि ८० वर ८.६ टक्क्यांनी ६.८८. फरक १.२२. म्हणजे जास्तीचे १० तुम्हाला १२.२ टक्क्यांनी पडतात. २० वर्षांच्या हप्त्यांवरून काढलं तरी उत्तर १२ च्या आसपासच येतं. तेव्हा हाताशी ठेवलेले ते १० कर वजा जाता खात्रीने १२ टक्के मिळवून देणार आहेत का, एवढंच बघायचं. जास्त एलटीव्हीसाठी, म्हणजे घराच्या किमतीच्या मानाने कर्जाची टक्केवारी जास्त असल्याबद्दल, वेगळी फी किंवा कर्जविम्याचा हप्ता घेत असतील तर तोही यात धरा, मग आकडा आणखी चढतो.

एवढ्याशा फरकासाठी बँक इतकं का वसूल करते, हे कर्ज बुडाल्यावर काय होतं त्यावरून कळतं. समजा दोन वर्षांनी हप्ते थांबले. तोवर मुद्दल फारसं फिटलेलं नसतं: ९० चे ८६.५ उरतात, ८० चे ७६.७. ताबा आणि लिलावाला एक वर्ष गेलं तर थकलेलं व्याज धरून येणं अनुक्रमे ९४.५ आणि ८३.५ च्या घरात जातं. मधल्या काळात बाजार १० टक्के उतरला, लिलावात त्याहून १० टक्के कमी भाव आला, वकील आणि लिलावाचा खर्च ४ झाला, तर बँकेच्या हाती ७७ पडतात. पहिल्या कर्जात तोटा १७.५, दुसऱ्यात ६.५. कर्ज आठवा हिस्सा जास्त, तोटा मात्र अडीचपटीहून अधिक.

शिवाय दुसऱ्या कर्जदारावर लिलावाची वेळ सहसा येतच नाही. भाव ९० वर आला तरी तो स्वतः घर विकून ७६.७ फेडू शकतो आणि वर काही उरतं. पहिल्याला ९० मधून दलाली आणि इतर खर्च गेल्यावर ८६.५ फेडणं जेमतेम जमतं, भाव आणखी थोडा घसरला की तेही नाही. म्हणजे जास्त एलटीव्हीत कर्ज बुडण्याची शक्यताही वाढते आणि बुडाल्यावरचा तोटाही.

त्यात भांडवलाच्या नियमांची भर: जोखीमभार, म्हणजे कर्जाचा जेवढा हिस्सा जोखमीचा धरला जातो तो, जितका जास्त तितकं बँकेला स्वतःचं भांडवल जास्त ठेवावं लागतं. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बासेल समितीच्या डिसेंबर २०१७ च्या चौकटीत, राहत्या घराच्या कर्जाला ६० ते ८० टक्के एलटीव्हीसाठी ३० टक्के जोखीमभार आहे, ८० ते ९० साठी ४०. देशोदेशीचे नियम थोडे वेगळे असतात, पण पायऱ्यांची कल्पना तीच. म्हणून दर सलग चढत नाही, टप्प्याने उडी मारतो. ८०.५ वर असाल तर अर्धा टक्का कुठूनही उभा करा. उलट ७९ वरून ७६ वर आल्याने दर बदलत नसेल, तर त्या ३ वर फक्त ८.६ टक्के वाचतात. अशा वेळी ते आपत्कालीन खर्चासाठी हाताशी ठेवलेले बरे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते छेदात, म्हणजे कर्जाला कोणत्या रकमेने भागायचं यात. एलटीव्ही करारातल्या किमतीवर नाही, तर करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाचा आकडा यांतल्या कमी रकमेवर काढतात. करार १०० चा आणि मूल्यांकन ९४ आलं, तर ८० कर्ज म्हणजे ८५ टक्के एलटीव्ही. ८० टक्क्यांत राहायचं तर कर्ज ७५.२ च मिळेल आणि खिशातून २४.८ घालावे लागतील. नोंदणी, कर, फर्निचर सहसा याबाहेरच. म्हणून विसार देण्याआधी मूल्यांकन करून घेता आलं तर घ्या. नाहीतर अपेक्षित कर्ज न मिळाल्यास विसार परत मिळेल अशी अट करारात घाला.

कमी पडणारे १० वैयक्तिक कर्जातून भरायचा विचार असेल, तर त्याचा दर १२ च्या खाली असला तरी मुदत बघा. पाच वर्षांत फेडायचं असल्याने मासिक बोजा बराच वाढतो, आणि तो हप्ता गृहकर्जाच्या पात्रतेतूनही वजा होतो. मार्जिनचे, म्हणजे तुमच्या वाट्याचे, पैसे कुठून आले हे बँक खात्याच्या उताऱ्यावर बघतेच.

आत्ता ९० वरच जावं लागत असेल, तर मंजुरीपूर्वी एक गोष्ट लेखी विचारा: पुढे एलटीव्ही ८० खाली गेल्यावर दर कमी होईल का, आणि त्यासाठी नवं मूल्यांकन कोणाच्या खर्चाने? बदलत्या दराच्या कर्जातही तुमच्या जोखमीपोटी लावलेला वरचा भाग सहसा आपोआप उतरत नाही, अर्ज करावा लागतो. वरच्या हिशोबात नुसत्या हप्त्यांनी ८० वर यायला पाच वर्षं लागतात.